कुठे, कशाने, किती वेळ

आक्काने सख्ख्या बहिणीच्या मांजराला विष घातलं, ही गोष्ट गल्लीत पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली ते आता कोणी कबूल करणार नाही. किल्लीवाला म्हणतो, केस कापणाऱ्या बाईने सांगितलं. केस कापणारी म्हणते, छे, मी किल्लीवाल्याकडूनच ऐकलं, आणि वर गळ्याला हात लावून शपथ घेते. दोघांच्याही दुकानात गिऱ्हाईक नीट टेकायच्या आत ही हकिकत त्याच्या कानात पडलेली असायची. उकडलेल्या कोंबडीत कालवून दिलं म्हणे. निघायच्या दिवशी सकाळी. स्वतःच्या हाताने भरवलं म्हणे, आणि वर त्याच्या मिशांना लागलेलं पदराने पुसलं.

पदर ही किल्लीवाल्याची स्वतःची भर. आक्का जन्मभर खिसेवाला एप्रन घालत आली आहे, पदर आणणार कुठून? पण बाकीचं आक्काने कधी नाकारलं नाही. तोंडावर कोणी विचारलं तरी नाही. गल्लीला आणखी काय हवं?

जनावरांच्या दवाखान्याच्या अगदी समोर तिचं दुकान. बोळालाच कोणी दार बसवावं तसं अरुंद आणि लांबच लांब. वडिलांच्या वेळी तिथे छत्र्या आणि पिशव्या विकायचे. छत्र्या टांगायचे आकडे छताला अजून आहेत, आता त्यांना मांजरं न्यायच्या बॅगा लटकतात. खाली कोरड्या खाण्याच्या गोण्या, वाळूचे ट्रे, घुंगरांचे पट्टे, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये स्टुलावर आक्का. उंच, हाडकुळी, चष्मा दोरीला. आवाज असा, की समोर भूल दिलेली कुत्रीसुद्धा कान हलवतात, असं किल्लीवाला सांगतो. ह्यात मात्र त्याने फारशी भर घातलेली नाही.

तिच्याकडे कोणी बॅग मागितली की बॅग मिळायची नाही. प्रश्न मिळायचे. कुठे न्यायचंय? कशाने? किती वेळ? वरची बॅग काढायला वडिलांची जुनी काठी होती, टोकाला आकडा लावलेली. ती काठी मांडीवर आडवी धरून आक्का बसायची, आणि तिन्ही उत्तरं पदरात पडल्याशिवाय काठी वर जायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मला ती निळी आवडलीय. आक्का म्हणायची, तुम्हाला बसायचंय का तिच्यात? गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं चौकशी. "चौकशीत जाऊन येतो," असं लोक म्हणायचे, दात काढून घ्यायला निघाल्यासारखे.

केस कापणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. तिचं मांजर म्हणजे केसाळ सुरी. त्याला लस द्यायला न्यायचं होतं आणि तिचा डोळा होता एका गुलाबी कापडी बॅगेवर, कडेने जाळी, खांद्याला पट्टा, हलकी, घडी करून कपाटात सरकवता येईल अशी. आक्काने विचारलं, दवाखान्यात ते आपण होऊन बाहेर येतं का? बाई म्हणाली, चौघांनी धरावं लागतं. मग आक्काने दुकानभर ऐकू जाईल असं सुनावलं, की हे ध्यान चेनीत पंजा घालून डोकं बाहेर काढेल, जाळी फाडेल, आणि घाबरून मुतलं तर कापड ते पिऊन बसेल, धुऊन धुऊन हात सोलले तरी वास जायचा नाही. तशी तुमच्या दुकानात लोकं आताही नाक धरूनच येतात म्हणा. आणि तिच्या पुढ्यात प्लास्टिकची कडक पेटी आदळली. वरूनही दार उघडणारी, कडेला चाप असलेली.

"चाप सोडायचे, वरची अर्धी पेटी उचलायची. मांजर खालच्या अर्धीत टॉवेलखाली बसून राहतं, डॉक्टरीणबाई तिथल्या तिथे सुई टोचतात. ओढाओढ नाही. घाण केली तर पाइपखाली धरा, झालं."

बाईने दात-ओठ खात पेटी नेली. लस झाली, कोणालाही ओरखडा आला नाही. हे तिने आक्काला कधीच माफ केलं नाही. आक्काचं चुकलं असतं तर ती एखादे वेळी विसरलीही असती. विषाची गोष्ट ती इतक्या चवीने सांगते, त्याचं मूळ त्या गुलाबी बॅगेत आहे.

विमानाने निघालेल्या एका नर्सला पेटीच हवी होती, मजबूत म्हणून. आक्काने तिला उलट मऊ बॅगच घ्यायला लावली. विमानात मांजर पुढच्या सीटखाली ठेवायचं असतं, तिथे पेटी अडते, कापड थोडं दबतं. पण आधी विमान कंपनीला फोन करून माप विचार, प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि मग ये. नर्स माप घेऊन परत आली तेव्हा आक्काने आणखी एक फर्मान काढलं: आजच घरी ने, घरात उघडी टाक, आत तुझा न धुतलेला स्वेटर ठेव, मांजराला तिच्यात झोपायची सवय होऊ दे. निघायच्या दिवशी पहिल्यांदा कोंबलंस तर अख्खं विमान तुझ्या नावाने खडे फोडेल.

किल्लीवाल्याला तिने सॅक दिली होती, पाठीवरची. त्याचे गुडघे गेलेले, घर वरच्या मजल्यावर, मांजर गरीब, आणि दवाखाना पाच-दहा मिनिटांवर. सॅकला तीन बाजूंनी जाळी, बूड कडक, आत पट्ट्याला अडकवायची कडी. सकाळी उन्हाआधी जायचं, दोन्ही हातांनी कठडा धरून जिना उतरायचा. "तुम्ही पडलात तर चालेल," आक्का म्हणाली होती, "मांजर खालच्या बाजूला येता कामा नये."

राहिली घुमटवाली. ती सॅकच, पण मागे पारदर्शक प्लास्टिकचा फुगीर घुमट, आणि हवेला चार-दोन भोकं. आत मांजर बसलं की तोंड घुमटात येतं, बघणारे विरघळतात. ती आक्काला डोळ्यांसमोर नको असायची. रिकामी बरणी उन्हात ठेवा, झाकण लावा आणि मग आत हात घालून बघा, असं ती मागणाऱ्याला सांगायची. सावलीतून कोपऱ्यापर्यंत जायचं तर न्या. त्यापुढे न्यायचं असेल तर मांजराऐवजी कोबी ठेवा. एवढं ऐकून कोण घेतो? घुमटवाल्या धूळ खात लटकायच्या. त्या दुकानात आणल्या होत्या धाकटीने.

धाकटी म्हणजे आक्काची बहीण, तिच्या निम्म्या वयाची. आई गेली तेव्हा धाकटी फ्रॉकमध्ये होती. वडील छत्र्यांच्या ढिगाऱ्यात जे बसले ते तिथेच संपले. आक्काने तिला वाढवलं. वेणी इतकी आवळून घालायची, की पोरीच्या भुवया शाळा सुटेपर्यंत वर राहायच्या. आक्काला एक स्थळ आलं होतं म्हणतात. मुलाकडचे घरी आले, फ्रॉकमधली पोर बघितली, चहा अर्धा टाकून उठले. हे आक्का धाकटीला विसरू द्यायची नाही. भाजी खारट झाली तरी त्या अर्ध्या कपावर येऊन थांबायची.

आणि धाकटी? देखणी, हसरी, कोडगी. बॅगा रंगाप्रमाणे टांगायची, मांजरांचे फोटो काढायची, आणि आक्का आत गेली की तिची काठी मांडीवर आडवी घेऊन "कुठे? कशाने? किती वेळ?" अशी नक्कल करून गिऱ्हाइकांना पोट धरून हसवायची. आक्का पडद्याआडून ऐकायची. एकदाही बाहेर येऊन बोलली नाही. मनात मात्र सगळं व्यवस्थित साठवत गेली.

दोघींच्या मध्ये मुनीम. कोणीतरी दुकानाच्या दारात खोक्यात सोडून दिलेलं मांजर. नारिंगी, झुलपांचं, आणि तोंड असं चपटं की धावत येऊन भिंतीला थडकलं असावं. जागेपणीही घोरायचा. गल्ल्याशेजारी मांडी घालून बसल्यासारखा बसायचा, म्हणून मुनीम. त्याचे डोळे सदा गळायचे. रोज सकाळी ओल्या कापसाने ते पुसायची आक्का. केस विंचरायची आक्का. जेवण, औषध, ट्रे, सगळं आक्का. आणि निजायचा धाकटीच्या पोटावर. आक्का कापूस घेऊन आली की तो तिच्याकडे वसुलीला आलेल्या माणसाकडे बघावं तसा बघायचा. धाकटीची नुसती चप्पल वाजली तरी शेपूट उभी.

दवाखान्यात औषधं पुरवणारा एक विक्रेता यायचा, मऊ, घामट, सगळ्यांना "बरोबर आहे तुमचं" म्हणणारा. तो आक्काच्या दुकानाचा उंबरा झिजवायला लागला, आणि वर्ष फिरायच्या आत धाकटीने त्याच्याशी लग्न केलं. आक्का त्याला जावईबापू म्हणायची. आवाज असा, की त्या माणसाचा घाम दुप्पट व्हायचा. मग त्याची बदली झाली. लांब, सकाळी निघालं तर संध्याकाळी पोहोचायचं अशी. धाकटीने जाहीर केलं की मुनीमही येणार.

भांडण गल्लीने शटरला कान लावून ऐकलं. आक्काने सुरुवात अर्ध्या कपापासून केली. फ्रॉक, फी, ताप, जागरणं, सगळं ओळीने मांडलं. धाकटी ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुझं आयुष्य मी मागितलं नव्हतं, आक्का. छताला टांगून ठेवलं असतंस तरी कोणी खाली काढ म्हटलं नसतं."

केस कापणारी सांगते, ह्यानंतर इतकी शांतता झाली की मुनीमचं घोरणं बाहेर ऐकू आलं.

मग त्या दोघींनी जे केलं ते शहाण्या बायका करत नाहीत. मुनीमला दुकानाच्या मधोमध जमिनीवर ठेवलं आणि दोघी दोन टोकांना उभ्या राहिल्या. जिच्याकडे जाईल तिचा. आक्काच्या एप्रनच्या खिशात त्याच्या आवडीचे मासळीचे तुकडे होते. तिने खिशात हातही घातला, एवढं तिने पडतं घेतलं. मुनीमने नाक हलवलं, आक्काकडे बघितलं, तिच्या हातात कापूस आहे का ते पाहिलं असावं, आणि रमत-गमत धाकटीच्या पायांवर जाऊन बसला.

इथे आक्काच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला नुसती दुष्ट समजाल. तिला मांजर हवं होतं, हे खरं. पण मांजरावर तिची भूक संपत नव्हती. धाकटी गेली की त्या लांबलचक दुकानात रात्री शटर ओढल्यावर बोलायला कोणी उरणार नव्हतं, टोमणे मारायला कोणी उरणार नव्हतं. आणि टोमणे मारायला माणूस नसणं म्हणजे काय, हे ज्याने जन्मभर दुसरं काही केलं नाही त्यालाच कळतं. तिला धाकटी परत यायला हवी होती. हरून, डोळे पुसत, दारात.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी दुकानात आली. बहिणीसारखी आत नाही शिरली, गिऱ्हाइकासारखी काउंटरपुढे उभी राहिली. वर बोट केलं. पिवळी, घुमटवाली.

"ती काढ."

आक्काने मांडीवरची काठी चाचपली. धाकटीने तोंडाची तयारी करून ठेवली होती. तीन प्रश्न येणार, त्यांची तीन चोख उत्तरं तिने घरून घासून आणली होती. दारात किल्लीवाला किल्ली घासायचं सोडून उभा होता. आक्का उठली. काठी वर नेली. पिवळी सॅक खाली काढली. एप्रनने घुमटावरची धूळ पुसली आणि काउंटरवर ठेवली. एक अक्षर विचारलं नाही.

धाकटी जरा गोंधळली. दार लोटायला जोर लावावा आणि दार उघडंच असावं, तसं झालं तिचं. तिचा आवाज एकदम खाली आला, फ्रॉकच्या दिवसांतला झाला.

"आक्का, ही चालेल ना गं?"

आक्काला तिन्ही उत्तरं माहीत होती. कुठे, तर दिवसभराच्या वाटेवर. कशाने, तर जावईबापूंच्या औषधांच्या व्हॅनने, जिला पुढे भलीमोठी काच आहे आणि गार हवेचं यंत्र कधीचं बंद आहे. किती वेळ, तर ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत. शिवाय मांजर असं, की ज्याला घरात पंख्याखाली बसूनही श्वास पुरत नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला मोठी कडक पेटी होती. तिच्यात मुनीम उभा राहिला असता, फिरला असता, अंग ताणून निजला असता. चारी बाजूंनी झरोके, आणि गाडीचा पट्टा ओवायला वर जागा. उभ्या जागेवरून आक्काला ती दिसत होती.

"तुझं मांजर, तुझी पिशवी," आक्का म्हणाली. आणि वर, "रंग छान आहे. फोटो चांगले येतील."

किल्लीवाला नंतर कित्येक दिवस सांगत होता, की म्हातारीच्या तोंडून गोड शब्द निघाला हो, मी स्वतः ऐकला. त्याला वाटलं दिलजमाई झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गल्लीसमोर आक्का कोंबडीची वाटी घेऊन आली. प्रवासाआधी भरपेट घालू नका, थोडंसं द्या आणि तेही बरंच आधी, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायची. त्या दिवशी वाटी शिगोशीग होती. बाहेर व्हॅनचं इंजिन चालू, आणि आक्का एक-एक तुकडा मुनीमच्या तोंडात घालतेय. तिचा बेत साधा होता. मांजर ओकेल. रडेल. घाण करेल. जावईबापू मेटाकुटीला येतील, अर्ध्या वाटेतून गाडी वळवतील, आणि धाकटी दारात येऊन म्हणेल, आक्का, तू सांगत होतीस तेच खरं. आक्काने काहीच सांगितलं नव्हतं, पण स्वप्नात एवढं कोण बघतं.

मुनीमला सॅकमध्ये घालताना धाकटीला आणि जावईबापूंना घाम फुटला. ती पिशवी त्याने आयुष्यात प्रथमच बघितली होती. शेवटी त्याचं चपटं तोंड घुमटात आलं आणि गल्ली हसली. कोणीतरी म्हणालं, चंद्रावर चाललाय. धाकटीने सॅक मांडीवर घेतली, घुमट पुढे, म्हणजे त्याला काचेतून रस्ता दिसेल. व्हॅन गेली. आक्काने रिकामी वाटी नळाखाली धरली, जरा जास्तच वेळ.

दुपारी गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर फोटो आला. घुमटात मुनीम, तोंड सताड उघडं, जीभ बाहेर, घुमट आतून ओलसर. खाली धाकटीने लिहिलेलं, "मुनीम हसतोय." केस कापणाऱ्या बाईने हसरे चेहरे पाठवले. किल्लीवाल्याने लाल बदाम पाठवला आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून फोन घेऊन आक्काकडे गेला. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेत होत्या, त्यांनी फोन उघडलाच नाही.

"बघा, आक्का, कसा हसतोय. तुमची आठवणसुद्धा नाही त्याला."

"मलाही आलाय," आक्का म्हणाली. फोन तिच्या हातातच होता. ती बराच वेळ खाली मान घालून त्याच्यावर बोटं फिरवत होती. मग तिने तो काउंटरवर उपडा ठेवला आणि पट्ट्यांचा गुंता सोडवायला घेतला.

ऊन कलल्यावर जावईबापूंचा फोन आला. बोलताना रडत होते. मुनीम आधी ओकला, मग गप्प झाला, त्यांना वाटलं झोपला. पेट्रोल भरायला थांबले तेव्हा धाकटीने सॅक उघडली, तर मान पडली. वाटेतल्या गावच्या डॉक्टरने हात लावला आणि म्हणाला, उष्म्याने गेला, केव्हाच गेला. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सॅक कुठे आहे?" जावईबापूंना वाटलं, धक्क्याने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

धाकटीला डॉक्टरचं म्हणणं पटलं नाही. उन्हाने? आम्हीही तर त्याच गाडीत होतो, आम्ही नाही मेलो. तिने त्याच संध्याकाळी केस कापणाऱ्या बाईला फोन लावला आणि सांगितलं, ओकला तो नुसती कोंबडी ओकला. पुढचं सांगायची गरज पडली नाही. बाईने पुढचं स्वतः केलं.

महिन्याभराने जावईबापू दवाखान्याचा जुना हिशेब मिटवायला आले तेव्हा पिवळी सॅक धुऊन घेऊन आले. काउंटरवर ठेवली आणि खाली बघत म्हणाले, "तिने सांगितलंय, तुमची वस्तू तुम्हाला परत. आणि म्हणाली, आता मी त्या दारात मेले तरी येणार नाही."

"बरोबर आहे तिचं," आक्का म्हणाली. हे त्यांचंच वाक्य होतं. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ते गेल्यावर तिने घुमट पुसला, काठी उचलली आणि सॅक होती त्याच आकड्याला टांगली. आठवड्याभरात ती विकली गेली.

ती कशी विकली गेली, हे विचारण्यासारखं आहे. एका नवऱ्या-बायकोने वर बोट केलं, आणि आक्काने काढून दिली. एवढंच. त्यानंतर ती सगळ्यांनाच काढून देऊ लागली. काठी मांडीवर नाही, कोपऱ्यात उभी. गिऱ्हाईक म्हणालं निळी की निळी, गुलाबी की गुलाबी. वर गोड हसायची. दुकान असं चाललं की वडिलांच्या वेळी भर पावसाळ्यातही चाललं नसेल. लोक म्हणू लागले, बाई सुधारली. कोणी म्हणालं, पाप खातंय आतून, म्हणून नरमली. केस कापणारी स्वतः येऊन तीच गुलाबी बॅग मागून गेली, आक्काने हसत दिली, आणि त्या मांजराने पहिल्याच फेरीत जाळी फाडून बाईचा हात कोपरापर्यंत सोलून काढला. बाईने तक्रार केली नाही. गेल्या खेपेला न मागता मिळालेल्या उपदेशाची तिला बहुधा आठवण झाली असावी.

समोरच्या डॉक्टरीणबाईंना मात्र हिशेब दिसायला लागला. फाटक्या जाळ्या, मुताने भिजलेलं कापड, पेटीत कोंबून आणलेली, भेदरून दगड झालेली मांजरं, आणि एका दुपारी घुमटातून निघालेलं एक तान्हं पिल्लू, ज्याला त्यांनी कसंबसं वाचवलं. त्या हात न धुताच रस्ता ओलांडून आल्या.

"आक्का, तुम्ही लोकांना विचारणं का सोडलंत?"

"लोकांना आवडत नव्हतं," आक्का म्हणाली.

"आणि त्या विषाचं? ते तरी खोटं आहे असं एकदा सांगून टाका ना."

आक्काने एक पट्टा उचलला, घुंगरू वाजतंय का बघितलं. "असू द्या," ती म्हणाली. "विष घातलं म्हटलं, तर मी काहीतरी केलं असं तरी होतं."

डॉक्टरीणबाईंना ह्याचा अर्थ लागला नाही. त्या हात धुवायला परत गेल्या, आणि आक्काने समोर उभ्या असलेल्या मुलीला घुमटवाली काढून दिली.

कोंबडीत विष नव्हतं. मुनीम त्या सॅकमध्ये उन्हाने मेला. फोटो आला तेव्हा आक्काने फोनवर लिहिलं होतं: हसत नाहीये, धापा टाकतोय, गाडी सावलीत घे, बाहेर काढ, अंगावर साधं पाणी टाक, वारा घाल, डॉक्टर शोध. ते पाठवायच्या आत धाकटीचा दुसरा निरोप आला, एकट्या आक्काला: "बघ, तुझ्याशिवायही हसतो." आक्काने लिहिलेलं पुसलं आणि फोन उपडा ठेवला.